दोन स्टेज जोडल्या की गेन कुठे गळतो? लोडिंग धरून एकूण गेन काढायची पद्धत

एक कॉमन एमिटर स्टेज ब्रेडबोर्डवर लावली, मोजली, गेन 39 च्या आसपास आला. तशीच दुसरी लावली, तिचाही तेवढाच. आता दोन्ही जोडल्यावर 39 गुणिले 39 म्हणजे पंधराशेच्या वर मिळायला हवेत असं वाटतं, पण शेवटी 1 के चा लोड लावून स्कोपवर बघितलं तर मिळतात जेमतेम 130. मग ट्रान्झिस्टर बदलून बघा, कपॅसिटर बदलून बघा, ब्रेडबोर्डलाच शिव्या घाला असं सगळं सुरू होतं, आणि सर्किट मात्र पहिल्यापासून बरोबरच असतं. चूक असते ती गुणाकारात. म्हणून इथे एकच सर्किट घेऊन शेवटपर्यंत जाऊया, कारण दहा सर्किटं वरवर बघण्यापेक्षा एक नीट सोडवलं की बाकीची आपोआप सुटतात.

सर्किट

सप्लाय 12 व्होल्ट, ट्रान्झिस्टर बीसी 547. बेसला वरून 47 के आणि खाली 10 के चा डिव्हायडर, कलेक्टरला 4.7 के. एमिटरला दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, आधी 100 ओहम आणि त्याच्या खाली 910 ओहम, आणि त्या 910 ला समांतर 100 मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर. 100 ओहम मुद्दाम बायपास केलेला नाही, का ते पुढे कळेल. अशा दोन सारख्याच स्टेज, मधे 10 मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर. सोर्सचा रेझिस्टन्स 1 के आणि शेवटचा लोडही 1 के, तोसुद्धा कपॅसिटरमधूनच जोडलेला.

आधी डीसी बघून घ्या, कारण डीसी बरोबर नसेल तर पुढच्या गणिताला काही अर्थच नाही. बेसवर साधारण 2 व्होल्ट, एमिटरवर 1.4, कलेक्टरवर 5.5 च्या जवळपास. म्हणजे कलेक्टर करंट झाला साधारण 1.38 मिलिअँप. यावरून एमिटरचा आतला डायनॅमिक रेझिस्टन्स, ज्याला आपण छोटा re म्हणतो, तो 26 मिलिव्होल्ट भागिले एमिटर करंट, म्हणजे 18.8 ओहम. बीटा 200 धरूया.

एका स्टेजचे तीन आकडे

टू-पोर्ट मॉडेल म्हटलं की पोरं घाबरतात कारण पुस्तकात लगेच z, y, h, ABCD अशी मॅट्रिक्सची रांग लागते. पण या स्टेजसाठी तीन आकडे पुरतात: इनपुटला किती रेझिस्टन्स दिसतो (Rin), आउटपुटला काहीही न जोडता गेन किती (Avo), आणि आउटपुटच्या आत किती रेझिस्टन्स लपलेला आहे (Rout). म्हणजे स्टेज हा एक डबा समजा, डाव्या बाजूला एक रेझिस्टर, उजव्या बाजूला एक व्होल्टेज सोर्स आणि त्याच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टर, बस. आत ट्रान्झिस्टर आहे, फेट आहे की ऑपअँप, हे पुढच्या स्टेजला कळायची गरजच नाही.

आपल्या स्टेजसाठी हे असे येतात:

```
re + 100       = 118.8 ohm
Rin(base)      = 201 x 118.8   = 23.9k
47k || 10k     = 8.25k
Rin            = 8.25k || 23.9k = 6.13k
Avo            = -4.7k/118.8 x 0.995 = -39.4
Rout           = 4.7k
```

0.995 हा अल्फा आहे, लावला नाही तरी काही बिघडत नाही. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स ro इथे सोडून दिलाय, कारण एमिटरला 100 ओहम बायपास न करता ठेवला की कलेक्टरकडून दिसणारा रेझिस्टन्स खूप वाढतो आणि 4.7 के समोर तो नगण्य होतो. पूर्ण एमिटर बायपास केला असता तर ro धरावा लागला असता, त्याने दहाएक टक्के फरक पडतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, Rin काढताना 47 के आणि 10 के चे बायस रेझिस्टर धरायचेच. बेसकडे बघून 23.9 के आला म्हणून तोच पुढे वापरला तर मधला लॉस निम्म्याहून कमी दिसतो. एसीसाठी सप्लायची लाइन म्हणजे ग्राउंडच, म्हणून वरचा 47 के सुद्धा समांतरच येतो.

आता साखळी

दोन डबे जोडले की प्रत्येक सांध्यावर एक व्होल्टेज डिव्हायडर तयार होतो. आधीच्याचा Rout वर, पुढच्याचा Rin खाली. लोडिंग लोडिंग म्हणतात ते एवढंच. आपल्याकडे सांधे तीन आहेत: सोर्स आणि पहिली स्टेज, पहिली आणि दुसरी, दुसरी आणि लोड.

```
सोर्स -> स्टेज 1 : 6.13/(1 + 6.13)   = 0.860
स्टेज 1 -> स्टेज 2 : 6.13/(4.7 + 6.13) = 0.566
स्टेज 2 -> लोड   : 1/(4.7 + 1)       = 0.175

एकूण = 0.860 x (-39.4) x 0.566 x (-39.4) x 0.175
     = +132
```

हे घ्या तुमचे 130. दोन्ही मायनस गुणून प्लस झाले, म्हणजे आउटपुट इनपुटच्या फेजमध्येच आहे, स्कोपवर हेही तपासता येतं.

आणि ही तीन ओळींची यादी नुसतं उत्तर देत नाही तर चोर कोण तेही दाखवते. सोर्सला 14 टक्के गेले, मधल्या सांध्यावर 43 टक्के, पण खरा दरोडा पडलाय शेवटच्या सांध्यावर, तिथे 82 टक्के सिग्नल 4.7 के मध्येच संपतो. गेन वाढवायचा म्हणून पहिल्या स्टेजशी खेळत बसणाऱ्याने ही यादी आधी लिहावी. सर्वात लहान आकडा जिथे आहे तिथे हात घालायचा, बाकी ठिकाणी नंतर.

एकच लोड दोनदा मोजू नका

परीक्षेत आणि बेंचवर दोन्हीकडे ही चूक सर्रास दिसते. पुस्तकात स्टेजचा गेन काढताना कलेक्टर रेझिस्टरला पुढच्या स्टेजचा Rin समांतर घेतात, म्हणजे 4.7 के || 6.13 के = 2.66 के, आणि 2.66 के भागिले 118.8, अल्फा धरून, म्हणजे 22.3. हे बरोबर आहे. आपल्या पद्धतीनेही 39.4 गुणिले 0.566 म्हणजे 22.3 च येतात, तपासून बघा. गडबड तेव्हा होते जेव्हा कोणीतरी 22.3 काढतो आणि मग "लोडिंग पण धरायचंय ना" म्हणून परत 0.566 ने गुणतो. मग 12.6 येतात आणि मोजलेला गेन गणितापेक्षा जास्त दिसायला लागतो. गणितापेक्षा जास्त गेन दिसला की आधी हीच शंका घ्यायची.

तर ठरवून टाका: एकतर ओपन सर्किट गेन आणि त्यासोबत डिव्हायडर, नाहीतर लोड धरलेला गेन आणि डिव्हायडर नाही. दोन्हीची भेळ करायची नाही.

हे तीन आकडे बेंचवर मोजायचे कसे

फंक्शन जनरेटरला 1 मिलिव्होल्ट नीट देता येत नाही बऱ्याचदा, म्हणून त्याच्या पुढे 4.7 के आणि 47 ओहमचा डिव्हायडर लावा. 100 मिलिव्होल्ट दिले की 47 ओहमवर जवळपास 1 मिलिव्होल्ट मिळतो, आणि सोर्स रेझिस्टन्स 47 ओहमच्या आत राहतो जो 6 के समोर काहीच नाही. फ्रिक्वेन्सी 1 किलोहर्ट्झ.

Avo साठी आउटपुटला फक्त स्कोपचा प्रोब, बाकी काही नाही. 10X वर प्रोब 10 मेगओहमचा असतो त्यामुळे त्याचं लोडिंग विसरून जा. 1 मिलिव्होल्टला 39 मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवं.

Rout साठी आउटपुटला कपॅसिटरमधून 4.7 के चा रेझिस्टर जोडा. कपॅसिटर विसरलात तर कलेक्टरचं डीसी खाली ओढलं जाईल आणि तुम्ही भलत्याच बायसवरचा ट्रान्झिस्टर मोजत बसाल. आउटपुट बरोबर निम्मं झालं तर Rout 4.7 के. निम्मं झालं नाही तर सूत्र असं:

```
Rout = RL x (Vopen/Vload - 1)
```

Rin साठी इनपुटला सिरीजमध्ये 5.6 के टाका, पण बेसवर प्रोब लावून मिलिव्होल्टचा अर्धा तुकडा वाचायचा प्रयत्न करू नका, नॉइजमध्ये काही दिसत नाही. आउटपुटच बघा. इनपुट जेवढ्या पटीत कमी झालं तेवढ्याच पटीत आउटपुट कमी होणार. 5.6 के नसताना 39.4 मिलिव्होल्ट होते आणि टाकल्यावर 20.6 झाले तर

```
Rin = 5.6k x 20.6/(39.4 - 20.6) = 6.1k
```

इथे Rin तुमच्या गणितापेक्षा जास्त आला तर घाबरायचं कारण नाही, तो बीटाचा खेळ. बीसी 547 च्या बी ग्रेडचा बीटा डेटाशीटमध्येच 200 ते 450 असा दिलेला असतो, आणि दुकानात नुसतं 547 मागितलं तर ए, बी, सी काहीही हातात पडू शकतं. बीटा 400 निघाला तर आपला Rin 6.13 चा 7 के होतो आणि मधला सांधा 0.566 वरून 0.6 वर जातो, म्हणजे फरक सहाच टक्क्यांचा. 100 ओहम मोकळा ठेवायचं हे एक कारण. पूर्ण बायपास केला असता तर बीटा 200 वर Rin 2.6 के आणि 400 वर 3.9 के, आणि तोच सांधा 0.355 वरून 0.45 वर उडी मारतो, पंचवीस टक्क्यांच्या वर. असा अँप्लिफायर दोन बोर्डांवर दोन वेगळे गेन देतो आणि मग दोष सोल्डरिंगला जातो.

शेवटचा दरोडा थांबवायचा: एमिटर फॉलोअर

0.175 ला उपाय म्हणजे मधे एमिटर फॉलोअर. दुसऱ्या कलेक्टरवर 5.5 व्होल्ट आहेतच, तिथूनच थेट तिसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस घ्या, कलेक्टर 12 व्होल्टला, एमिटरला 2.2 के. एमिटरवर पावणेपाच-पाच व्होल्ट येतात, करंट साधारण 2.2 मिलिअँप, re 11.8 ओहम. लोड परत कपॅसिटरमधून 1 के.

आता इथे थांबा, कारण वरची तीन आकड्यांची पद्धत आंधळेपणाने लावली तर इथे फसते. कॉमन एमिटर स्टेज एकतर्फी होती, म्हणजे लोड बदलला तरी Rin तोच आणि सोर्स बदलला तरी Rout तोच. फॉलोअर तसा नाही. त्याच्या आरपार दिसतं. पुढे काय जोडलंय त्यावर त्याचा Rin ठरतो आणि मागे काय जोडलंय त्यावर Rout. मग गणिताची दिशा महत्त्वाची होते, आणि दोनच रस्ते आहेत.

पहिला रस्ता, लोडकडून मागे यायचं. लोड जोडलेला धरूनच Rin आणि गेन काढायचा:

```
2.2k || 1k   = 688 ohm
Rin3         = 201 x (11.8 + 688) = 141k
फॉलोअरचा गेन  = 688/(688 + 11.8)   = 0.983
स्टेज 2 -> 3  = 141/(4.7 + 141)     = 0.968
```

दोन्हींचा गुणाकार 0.951. लोड गेनमध्ये आधीच धरलाय, म्हणून फॉलोअर आणि लोड यांच्यात वेगळा डिव्हायडर लावायचा नाही.

दुसरा रस्ता, सोर्सकडून पुढे जायचं. लोड काढून टाकायचा, फॉलोअरचा मोकळा Rin 201 गुणिले 2212 म्हणजे 445 के, सांधा 0.9895, मोकळा गेन 0.995, आणि Rout काढताना मागचा 4.7 के बीटाने भागून आत घ्यायचा:

```
Rout3 = (11.8 + 4700/201) || 2.2k = 34.6 ohm
लोड   = 1000/(1000 + 34.6)        = 0.967
```

0.9895 x 0.995 x 0.967, परत 0.951. दोन्ही रस्ते एकाच गावाला पोचतात, फक्त अर्ध्यात रस्ता बदलायचा नाही. लोड धरून काढलेला 141 के आणि सोर्स धरून काढलेला 34.6 एकाच गणितात आले की उत्तर चुकलंच समजा. इथे चूक तीनचार टक्क्यांचीच दिसते म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण लोड 1 के ऐवजी 32 ओहमचा हेडफोन असेल तर हीच चूक उत्तर जवळपास निम्म्यावर आणते.

आणि Rout म्हणून नुसता 11.8 ओहम लिहिणारेही बरेच आहेत. मागच्या 4.7 के चे 23 ओहम त्यात मिळवायला विसरतात, आणि इथे तर तेच जास्त आहेत.

नवा एकूण गेन: 0.860 x 39.4 x 0.566 x 39.4 x 0.951, म्हणजे 719. एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर वाढवला आणि 132 चे 719 झाले, मधल्या कशालाही हात न लावता.

स्टेज जास्त असतील तर मॅट्रिक्स

तीनपर्यंत हाताने होतं. पुढे, किंवा लोड बदलून बदलून बघायचं असेल तर ABCD मॅट्रिक्स बरी, कारण तिच्यात लोडिंग वेगळं धरावंच लागत नाही, नुसता ओळीने गुणाकार. एकतर्फी स्टेजसाठी ती सरळ आपल्या तीन आकड्यांवरून लिहिता येते:

```python
import numpy as np

def stage(A, Rin, Rout):
    return np.array([[1, Rout],
                     [1/Rin, Rout/Rin]]) / A

Rs, RL = 1e3, 1e3
src = np.array([[1, Rs], [0, 1]])
ce = stage(-39.4, 6.13e3, 4.7e3)
M = src @ ce @ ce
print(1 / (M[0, 0] + M[0, 1]/RL))
```

132.5 येतं. दोन गोष्टी सांभाळा. गुणाकार सोर्सकडून लोडकडे याच क्रमाने, मॅट्रिक्स उलटसुलट केल्या तर उत्तर बदलतं. आणि हे फंक्शन फॉलोअरसाठी वापरू नका, कारण त्यात दोन्ही बाजूंचा संबंध तोडूनच टाकलाय. फॉलोअरसाठी खरी चार पॅरामीटरची मॅट्रिक्स लिहावी लागेल, किंवा लोडसकट काढलेला गेन शेवटी हाताने गुणा. h पॅरामीटर मात्र असे नुसते गुणून चालत नाहीत, हे कितीतरी असाइनमेंटमध्ये केलेलं असतं.

हे आकडे कुठपर्यंत खरे

वरचं सगळं मधल्या फ्रिक्वेन्सीचं आहे, म्हणजे कपॅसिटर शॉर्ट मानलेत. सांध्यावरच्या कपॅसिटरला Rout आणि Rin यांची बेरीज दिसते, 10.8 के, त्यामुळे 10 मायक्रोफॅरडने कटऑफ दीड हर्ट्झच्या आसपास येतो. कोणी 0.1 मायक्रोफॅरड लावला तर तोच 147 हर्ट्झवर जातो आणि बास गायब. पण खरा त्रास बायपास कपॅसिटर देतो. त्याला 910 ओहम दिसतात असं वाटतं, पण एमिटरमधून वरचे एकशे तीस-पस्तीस ओहमही समांतर येतात, म्हणून दुसऱ्या स्टेजमध्ये त्याला साधारण 117 ओहमच दिसतात आणि 100 मायक्रोफॅरड असूनही कटऑफ 13-14 हर्ट्झ. तिथे 10 मायक्रोफॅरड टाकला की थेट 136. त्यामुळे 1 किलोहर्ट्झला गेन बरोबर आणि 100 हर्ट्झला कमी असं दिसलं तर लोडिंगचं गणित परत करत बसू नका, हे कपॅसिटर बघा.

वरच्या टोकाला कॉमन एमिटरसुद्धा एकतर्फी राहत नाही, कलेक्टर आणि बेसच्या मधली काही पिकोफॅरडची कपॅसिटन्स आउटपुटचा इनपुटशी संबंध जोडते. ती 3 पिकोफॅरड धरली तर फॉलोअर लावल्यावर दुसऱ्या बेसवर ती 40 पट होऊन 120 दिसते, मागचा रेझिस्टन्स 2.66 के, म्हणजे 500 किलोहर्ट्झच्या आसपास गेन उतरायला लागतो. ऑडिओला पुरून उरतं, पण तेवढ्या फ्रिक्वेन्सीला हेच तीन आकडे वापरायचे नाहीत.

राहिला सिग्नलचा आकार. फॉलोअरमध्ये 2.2 मिलिअँपच वाहतात, त्यामुळे 1 के लोडवर आउटपुट खाली जास्तीत जास्त 2.2 मिलिअँप गुणिले 688 ओहम, म्हणजे दीड व्होल्ट जाऊ शकतं. 719 गेनला इनपुट 2 मिलिव्होल्ट पीकच्या वर गेलं की स्कोपवर खालची बाजू चपटी दिसायला लागते आणि मोजलेला गेन कमी येतो. तेव्हा मोजताना जनरेटर आधी निम्म्यावर आणा, आउटपुटही बरोबर निम्मं झालं तरच तो आकडा लिहून घ्या.